सकाळचा पाय, संध्याकाळचा पाय

सहा वाजता बूट काढला, तर अंगठ्याच्या सांध्यावर शिवणीची लाल रेघ. अर्ध्या तासानेही जाईना.

"अहो, सकाळी तर मस्त बसला होता!"

सासूबाई म्हणाल्या, "सकाळचा पाय तुझा गं, संध्याकाळचा सुजेचा."

अंगठ्याजवळच्या हाडाचं ऑपरेशन होऊन आठ आठवडे झाले. पहिले सहा आठवडे तो बोजड वेल्क्रोचा बूट. त्याचा तळ वाकत नाही, म्हणून कापून बसवलेल्या हाडावर पाऊल उचलताना जोर येत नाही. उंचही इतका, की दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घातला नाही तर कंबर बोलायला लागते.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी साधे बूट सांगितले, पण आधी रोज एखादा तास. मी घातले दिवसभर. तेही जुनेच.

आज संध्याकाळी कागदावर उभी राहिले, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्यावर बूट ठेवला. अंगठ्याकडची रेघ बुटाबाहेर चांगली बोटभर!

सूज म्हणे काही महिने राहते. नवे, पुढून रुंद बूट घ्यायला आता संध्याकाळीच जाणार, कागद घेऊन.

ऑपरेशनआधीचे बूट परत कुणाला झालेत का हो?