क्यूबेनची सहावी बाजू

मंगळवारी दुपारी आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम एक प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "हे क्यूबेन. आठ कार्बन, आठही अगदी सारखे. मग तुझा प्रोग्रॅम चार कार्बन तीन-तीन कड्यांमध्ये आणि उरलेले चार दोन-दोन कड्यांमध्ये का दाखवतो?"

मी पुण्यात रेणूंच्या डेटाबेसचं सॉफ्टवेअर लिहितो. रेणूतल्या कड्या शोधणारा भाग माझा आहे. त्याच दिवशी हेही कळलं की क्यूबेन आमच्याकडे दोनदा नोंदवलं गेलंय. दोन फायलींत अणूंचे क्रमांक वेगळे होते, त्यामुळे कड्यांची उत्तरं वेगळी आली आणि जुळणी फसली.

क्यूबेन म्हणजे कार्बनचा घन. १९६४ साली ईटन आणि कोल यांनी ते शिकागोत बनवलं. वरच्या चौकोनाला १, २, ३, ४ म्हणा आणि त्यांच्या बरोबर खाली ५, ६, ७, ८. बंध १२. (हायड्रोजन धरले तरी आठ अणू आणि आठ बंध एकदमच वाढतात, हिशोब तोच राहतो.) माझा प्रोग्रॅम १ पासून निघाला आणि १-२-३-४-८-७-६-५ असा सगळ्या अणूंना शिवून आला. ही झाली स्पॅनिंग ट्री, सात बंधांची. उरले पाच: ४-१, ५-८, ३-७, २-६, १-५. यातला एकेक बंध ट्रीत परत घातला की नेमकी एक कडी बंद होते. पहिल्या तिघांनी चार अणूंच्या कड्या दिल्या, २-६ ने सहा अणूंची आणि १-५ ने थेट आठ अणूंची.

मोठ्या कड्या लहान करायला बेरीज लागते, आणि ती दोनच्या हिशोबाने: बंध कडीत आहे किंवा नाही, दोनदा आला तर गेला. २-६ ची कडी आणि ३-७ ची कडी मिळवली की ३-४, ४-८, ८-७ उडतात आणि २-३-७-६ हा चौकोन उरतो. आठ अणूंच्या कडीत सहा अणूंची मिळवली की १-२-६-५ मिळतो. पाच कड्या, पाचही चौकोन. घनाला बाजू मात्र सहा. १-४-८-५ कुठे गेला?

तो या पाचांची बेरीज आहे. घनाचा प्रत्येक बंध बरोबर दोन बाजूंना असतो, म्हणून सहाही बाजू मिळवल्या की शून्य येतं. उरलेल्या पाच बंधांपैकी प्रत्येक आपल्या एकाच मूळ कडीत आहे, म्हणून त्या पाच कड्यांपैकी कुठलीही इतरांपासून बनत नाही. आणि कुठल्याही कडीतून तिच्यातल्या या बंधांच्या मूळ कड्या वजा केल्या की फक्त ट्रीचे बंध उरतात, ज्यांत कडी असूच शकत नाही. म्हणजे कड्यांच्या बेरजांच्या या अवकाशाची मिती, अर्थात स्वतंत्र कड्यांची संख्या, ५. m बंध, n अणू आणि c एकमेकांना न जोडलेले तुकडे धरले तर m − n + c = १२ − ८ + १. कोणतीही ट्री घेतली तरी आकडा हलत नाही. कड्यांची निवड मात्र हलते. मॅडमनी दाखवलेले दोन कड्यांवाले चार कार्बन म्हणजे १, ४, ८, ५, गळलेल्या चौकोनाचे चार कोपरे!

खात्रीसाठी पाच कड्यांच्या सगळ्या ३२ बेरजा काढल्या. एक रिकामी, चौकोन ६, सहा अणूंच्या कड्या १६, आठ अणूंच्या ६. उरल्या तीन. त्या समोरासमोरच्या बाजूंच्या जोड्या निघाल्या. या अवकाशात असलेलं सगळंच एक कडी नसतं, हे मी कधी हाताने पाहिलं नव्हतं.

एका सहकाऱ्याने सुचवलं, अणूंचे क्रमांक आधीच ठरावीक रीतीने लावून टाक. दोन नोंदी जुळतील हे खरं, पण चार कार्बन अजूनही खोटे वेगळे राहतील. दुखणं झाकणारे असे उपाय आमच्याकडे फार पटकन मान्य होतात. c याच घाईत कधीतरी १ धरून ठेवला होता. सोडियम बेंझोएटमध्ये, हायड्रोजन सोडून आणि सोडियम सुटा धरून, १० अणू आणि ९ बंध. c एक धरला तर कड्या शून्य, दोन धरला तर एक. बेंझीनची कडी नाही म्हणणारा प्रोग्रॅम वर्षभर कुणाला खटकला नाही.

ज्यांच्या बेरजांतून बाकी सगळ्या कड्या बनतात अशा स्वतंत्र कड्यांच्या संचाला बेसिस म्हणतात. शेवटी मी लहानात लहान बेसिसपैकी कुठल्याही एकात येणारी प्रत्येक कडी ठेवली. क्यूबेनला सहा मिळाल्या, आठही कार्बन तीन-तीन कड्यांत. काही रेणूंत अशा कड्यांची संख्या भयंकर फुगते, म्हणून मर्यादा घालावी लागली, आणि ती ओलांडली की प्रोग्रॅम तसं स्पष्ट सांगतो.

मॅडमनी विचारलं, "मग रिपोर्टमध्ये कड्या किती लिहायच्या, पाच की सहा?" मी दोन रकाने केले. पाचाच्या रकान्याला काय नाव द्यावं, ते अजून ठरलेलं नाही.