रविवारच्या स्वयंपाकातले पाणी कमी केले, तेव्हा फ्रिज पुरला

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजतात. त्यानंतर भाजी चिरण्यापासून सुरुवात केली की जेवायला दहा वाजत असत, म्हणून सोमवार ते शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाची तयारी रविवारी दुपारीच करून ठेवायची असे आम्ही ठरवले. अडचण फ्रिजची होती. आमचा फ्रिज एका दाराचा, 165 लिटरचा आहे. त्याच्या माथ्यावर वेगळे दार नसलेला बर्फाचा छोटा कप्पा आहे, आणि दूध, फळे व कच्ची भाजी ठेवल्यावर शिजवलेल्या अन्नासाठी जेमतेम एक फळी उरते.

पहिल्या रविवारी मी पाचही दिवसांचे जेवण पूर्ण तयार केले. डाळ पाच लिटरच्या खोल पातेल्यात केली, रात्री ती कोमट असतानाच झाकण लावून पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले आणि उरलेल्या जागेत भाज्यांचे व भाताचे डबे एकमेकांना खेटून बसवले. मंगळवारी सकाळी नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, दूध नासलंय, आणि डाळीला बघ कसा फेस आलाय!" झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब लटकत होते, आणि डाळ डावाने ढवळली की तळातून बारीक बुडबुडे वर येत होते. डाळ, भात आणि एक भाजी टाकून द्यावी लागली, आणि तेवढे अन्न वाया गेल्याचे मला फार वाईट वाटले.

नेमके काय चुकले हे समजून घ्यायचे म्हणून मी स्वयंपाकघरात वापरायचा एक थर्मामीटर आणला. मधल्या फळीवर पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी त्यातले तापमान पाहिले, तर ते 9 अंश सेल्सिअस होते. फ्रिजमधले तापमान 5 अंशांच्या वर जाऊ नये, 4 असेल तर अधिक चांगले. आमच्यासारख्या साध्या फ्रिजमध्ये हवा फिरवणारा पंखा नसतो. वरच्या कप्प्याभोवती गार झालेली हवा जड होऊन स्वतःच खाली उतरते, आणि फळ्यांच्या कडेला मोकळी जागा असेल तरच ती खालपर्यंत पोहोचते. मी डबे भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवले होते, म्हणजे गार हवेची वाटच बंद केली होती, आणि त्यातच कोमट पातेल्याची उष्णता आत सोडली होती. वरच्या कप्प्यात बोटभर जाडीचे बर्फही साठले होते, ते वितळवून काढले. डब्यांमध्ये बोटभर फट ठेवायला लागल्यावर पेल्यातले पाणी 4 अंशांवर आले.

पण फट ठेवायची तर जागा आणखी कमी होणार होती. त्या संध्याकाळी मी रिकामे डबे घेऊन बसले आणि फळीवर किती मावतात ते प्रत्यक्ष ठेवून पाहिले. 700 मिलिलिटरचे चार चपटे चौकोनी डबे दोन थरांत बसले, आणि वरच्या कप्प्यात दोन सपाट पिशव्या. आम्हा दोघांच्या पाच रात्रींच्या डाळ-भाजीचे आकारमान साडेचार लिटरच्या आसपास भरत होते, आणि भात वेगळाच. हिशेब जुळेना, तेव्हा लक्षात आले की या साडेचार लिटरांतला मोठा भाग निव्वळ पाणी आहे. पाणी जेवणाच्या वेळी नळातून मिळतेच. ते पाच दिवस फ्रिजमध्ये सांभाळण्याचे कारण नव्हते. तेव्हापासून आम्ही रविवारी तयार जेवण करत नाही, तर जेवणाचा घट्ट अर्क करतो, आणि माझ्या मते लहान फ्रिज असणाऱ्याने डब्यांची रचना बदलत बसण्यापेक्षा हे आधी करून पाहावे.

या पद्धतीचा कणा म्हणजे कांदा-टोमॅटोचा मसाला. एक किलो कांदा बारीक चिरून जाड बुडाच्या पसरट भांड्यात मध्यम आचेवर परतायला मला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि मग एक किलो टोमॅटो घालून आणखी अर्धा तास. दोन किलोंचा ऐवज आटून साधारण 850 ते 900 मिलिलिटर उरतो. तो पुरेसा आटला की नाही हे मी घड्याळावरून ठरवत नाही. उलथन्याने भांड्याच्या तळावर एक सरळ रेघ ओढते. रेघ लगेच भरून पाणी सुटले तर मसाला अजून कच्चा असतो, आणि रेघ तशीच राहून कडेने तेल सुटलेले दिसले की गॅस बंद करते. या टप्प्यावर घाई केली तर त्याची किंमत गुरुवारी मोजावी लागते, कारण पातळ मसाला गोठताना त्यातले पाणी बर्फाच्या खड्यांच्या रूपात वेगळे होते आणि वितळल्यावर भाजी पाणचट लागते.

मसाला आटत असताना शेजारच्या शेगडीवर कुकर असतो. रात्रभर भिजवलेले 300 ग्रॅम काबुली चणे शिजून निथळल्यावर सुमारे 700 ग्रॅम होतात, म्हणजे दोन रात्रींची सोय होते. ते मी नुसत्या पाण्यातच शिजवते, कारण टोमॅटोच्या आंबटपणामुळे चणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. मसाल्याशी त्यांची गाठ शिजल्यानंतरच घालायची. त्यानंतर 300 ग्रॅम डाळ फक्त 750 मिलिलिटर पाण्यात शिजवते. ती डाव उभा राहील इतकी घट्ट होते आणि लिटरभर भरते. जेवणाच्या दिवशी तिच्या निम्म्या भागात 350 मिलिलिटर उकळते पाणी घातले की नेहमीची डाळ होते. गाजर, फरसबी आणि मटार मिळून 400 ग्रॅम भाजी दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात काढते आणि कापडावर पसरून कोरडी करते.

आता सर्वांत जपून करायचे काम, म्हणजे हे सगळे गार करणे. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न या पट्ट्यातून लवकर बाहेर काढावे लागते. व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी एक प्रचलित नियम असा आहे की शिजवलेले अन्न 57 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरले पाहिजे. पातेल्यातली खोल, घट्ट डाळ हे कधीच साधू शकत नाही. वरची साय गार लागते आणि मध्यभागी बोट बुडवले तर तो भाग तासन्‌तास उबदारच असतो. मी डाळ दोन पसरट थाळ्यांत चार सेंटिमीटरपेक्षा कमी थराने ओतते, त्या थाळ्या गार पाणी भरलेल्या परातीत ठेवते, दर पाच मिनिटांनी ढवळते आणि परातीतले पाणी कोमट झाले की बदलते. दुसऱ्यांदा पाणी बदलेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे होतात आणि थर्मामीटर 28-30 अंश दाखवतो. तेव्हा अन्न डब्यांत भरते, पण पहिला तासभर झाकण तिरके ठेवते. झाकणाच्या आत थेंब जमले, तर आपण घाई केली हे समजावे.

वरच्या कप्प्याचे तापमानही मी मोजले. ते उणे 8 अंश निघाले, म्हणजे महिनोन्‌महिने अन्न टिकवणारे उणे 18 अंश आमच्याकडे मिळत नाहीत. म्हणून तिथे ठेवलेले काहीही आम्ही त्याच आठवड्यात संपवतो. गुरुवारचे चणे मसाल्यात कालवून आणि शुक्रवारची डाळ थोडा मसाला मिसळून, अशा दोन पिशव्या भरते. पिशवीतली हवा दाबून काढून ती दोन सेंटिमीटर जाडीची सपाट केली आणि धातूच्या ताटलीवर आडवी ठेवली की रात्रीत गोठते. दोन्ही पिशव्या एकदम कोंबल्या तर मधला भाग मऊ राहतो, म्हणून एक ताटलीवर आणि दुसरी कप्प्याच्या तळावर, एकमेकींना न टेकता ठेवते. बटाटा घातलेली भाजी मी एकदाच गोठवली. वितळल्यावर बटाटा रवाळ आणि पाणी सुटलेला निघाला.

आठवड्याचा क्रम काय आधी बिघडते यावरून ठरला. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये तीन, फार तर चार दिवस ठेवावे, असा संकेत आहे. म्हणून सोमवारी वाफवलेली भाजी मसाल्यात, मंगळवारी डाळ, बुधवारी चणे, आणि मग गोठवलेल्या दोन पिशव्यांची पाळी. बुधवारी रात्री चण्यांची पिशवी खालच्या फळीवर उतरवते. ती सावकाश वितळते आणि तोवर फ्रिजलाही गारवा देते. सोमवारच्या आणि मंगळवारच्या रिकाम्या डब्यांची जागा तेव्हा मोकळी झालेलीच असते.

अन्न गरम करताना घट्टपणाचा एक तोटा आहे, तो सांगायला हवा. घट्ट डाळ कडेने खदखदू लागली तरी मधला गोळा थंडच असतो. म्हणून आधी उकळते पाणी घालून ती सारखी करावी, मग सर्वत्र उकळी येईपर्यंत ढवळत राहावे. मध्यभागी 74 अंश झाले की पुरे. वासावर किंवा चवीवर मी आता विसंबत नाही, कारण अपायकारक जंतूंमुळे वास बदलेलच असे नाही. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून वार लिहिलेला असतो, आणि तो वार उलटला की डबा रिकामा करते.

भात मात्र रविवारच्या यादीतून कायमचा काढला. तांदळातल्या बॅसिलस सिरिअस या जंतूची बीजे उकळूनही मरत नाहीत, आणि शिजलेला भात कोमट राहिला तर ती रुजून विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळल्याने नाहीसे होत नाही. शिवाय भात जागाही सर्वांत जास्त खातो. आता आमच्यापैकी जो आधी घरी पोहोचतो तो तांदूळ धुऊन चढवतो. भात शिजेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर डब्यातला मसाला पातळ होऊन उकळलेला असतो, आणि सव्वानऊला आम्ही जेवायला बसतो.