लंगरचा व्हिडिओ काढताय? आधी पंगतीत बसा

माझा भाचा सप्टेंबरमध्ये इथे लंडनला शिकायला येतोय. परवा त्याने मला एक रील पाठवली. साउथहॉलच्या एका गुरुद्वाऱ्यातला लंगर आणि वर ठळक अक्षरांत ‘लंडनमध्ये रोज फुकट जेवा’. वाढणाऱ्यांचे चेहरे त्यात एकदाही दिसत नाहीत, जेवणाऱ्यांचे मात्र अगदी जवळून टिपलेत. एकटेच बसलेले एक आजोबा, मळका कोट घातलेला एक गोरा माणूस. माझं डोकंच फिरलं.

लंगरमध्ये कुणी कुणाला नाव, धर्म, पगार, व्हिसा विचारत नाही. म्हणून तर ज्याला घर नाही तोही तिथे ताठ मानेने जेवतो. त्याच्या तोंडासमोर फोन कसा धरवतो? विद्यार्थी असताना महिनाअखेरीस मीही तिथे जेवले आहे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, जेवण झालं की भांडी घासायला उभी राहायचे. पण तेव्हा कुणी माझा असा व्हिडिओ काढून घरी पोचवला असता, तर आईने आठवडाभर अन्न गोड मानलं नसतं.

शेवटी गुरुद्वाऱ्याच्या ऑफिसात विचारून मीच एक छोटा व्हिडिओ केला. परवानगी लगेच मिळाली. अट एकच होती: स्वयंपाकघर दाखवा, जेवणारी माणसं नकोत. त्यामुळे त्यात परातभर कणीक आहे, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे हात आहेत, डाळ ढवळायचा लांब दांड्याचा डाव आहे. पंगतीत कसं बसायचं ते मात्र राहिलं, ते इथे लिहिते.

चपला-बूट बाहेर काढायचे, हात धुवायचे, डोकं झाकायचं. ओढणी किंवा मोठा रुमाल चालतो, नसेल तर दाराशी टोपलीत ठेवलेले असतात. क्रिकेटची टोपी घालून जाऊ नका. सिगारेटचं पाकीट खिशात असेल तर ते गुरुद्वाऱ्याच्या आवारातही न्यायचं नाही. दारू पिऊन तर जायचंच नाही.

आधी दरबारात जायचं. गुरु ग्रंथसाहिबांपुढे माथा टेकावा, जमत नसेल तर हात जोडून बाजूला बसावं, कुणी काही म्हणत नाही. फक्त पाय त्या दिशेला पसरायचे नाहीत. कडाह प्रसाद बसूनच, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. कणीक, साखर, तूप समभाग, त्यामुळे हात चांगलेच तुपकट होतात. थोडाच हवा असेल तर आधी सांगा.

मग लंगर. ताट घेऊन रांगेत मोकळी असेल ती पुढची जागा धरायची, ओळखीचं माणूस शोधत फिरायचं नाही. सेवादार बादली घेऊन येतात, ‘दाल जी’ म्हणतात. पोळी आली की ‘परशादा जी’. ती ताटात टाकत नाहीत, दोन्ही तळवे पुढे करून घ्यायची. नवखा माणूस एक हात पुढे करतो आणि सेवादार पोळी धरून तसाच थांबतो, तेव्हा लक्षात येतं. नको असेल तर वाढायच्या आधी ताटावर हात धरा. ताटात पडलेलं परत जात नाही आणि टाकणं तिथे फार वाईट दिसतं. उठून स्वतः वाढून घ्यायचं नाही, वाढणारे पुन्हा येतातच. जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे एकादशीवाल्यांना सोडून आपल्यातल्या बहुतेकांना चालतं.

गुरु अमरदासांनी सोळाव्या शतकात गोइंदवालला नियम घातला: आधी पंगत, मग भेट. बादशहा अकबरही तिथे पंगतीत बसून जेवला, असं शीख परंपरा सांगते. त्याआधीच्या गुरु अंगदांच्या पत्नी माता खीवी लंगरमध्ये तुपातली खीर वाढायच्या, त्यांचं नाव गुरु ग्रंथसाहिबात आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईची अशी नोंद आपल्याकडे फार कुठे सापडत नाही.

आपल्याकडे काही नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नामदेवांची पदं त्याच ग्रंथात आहेत, गुरु गोविंदसिंहांनी 1708 साली नांदेडला देह ठेवला आणि हजूर साहिबचा लंगर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. शेगावची शिस्त कुठेही मिरवावी अशी आहे. तरी आपल्या पंगती जातीजातीच्या वेगळ्या बसत होत्या, ही गोष्ट फार जुनी नाही. आणि इथल्या आमच्या गणपतीच्या जेवणाला तिकीट असतं. भाड्याचा हॉल, बाहेरचा केटरर, दुसरं करणार काय, असं आम्ही म्हणतो आणि ते खरंही आहे. पण साउथहॉलमध्ये आलेल्या पहिल्या पिढीतले कितीतरी शीख कारखान्यांत राबत होते, गुरुद्वारे त्यांच्याच वर्गणीतून उभे राहिले.

भाच्याला एवढंच कळवलंय: पैसे कुणी मागणार नाही, टाकायचे असतील तर गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत टाक, नाहीतर न फोडलेली कणकेची पिशवी दे. घरचा शिजवलेला डबा नेऊ नकोस, घेत नाहीत. शनिवारी-रविवारी भांड्यांच्या हौदाशी माणसं कमी पडतात, तिथे जाऊन सरळ ‘सेवा करू का’ विचार. हिंदीत विचारलंस तरी चालेल.