पाडव्याची तारीख आणि नऊ कप चहा

2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला आला होता. आमच्या पुण्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात आलेल्या 46 वर्षांच्या गृहस्थांनी तो दिवस घरूनच ठरवून आणला होता. "मॅडम, पाडव्यापासून बंद." दिवसाला 24 सिगरेटी, पहिली उठल्यावर पाच मिनिटांच्या आत. मी तारीख लिहून घेतली. ते एका कंपनीत अकाउंट्सला आहेत हे माझ्या कागदावर होतं आणि 31 मार्चला वर्ष संपतं हे मलाही माहीत होतं, तरी दोन्हींची सांगड मी घातली नाही. दुसऱ्याच दिवशी रात्री साडेआठला त्यांनी टपरीवर सिगरेट पेटवली. तो दोष मी त्यांच्या निश्चयाला देणार नाही.

ते पुन्हा आले तेव्हा आम्ही दिनदर्शिका उघडून बसलो. दर महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला जीएसटीआर-3बी ही जीएसटीची विवरणपत्रं. मार्चचा टीडीएस मात्र 30 एप्रिलपर्यंत चालतो. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वात जड जातात, चिडचिड आणि लक्ष न लागणं त्यानंतर दोन-चार आठवड्यांत ओसरत जातं. म्हणून 21 एप्रिल, सोमवार. आधीच्या कामाचं ओझं उतरलेलं आणि पुढचं नऊ दिवस लांब.

मधल्या दिवसांत त्यांनी पाकिटात एक चिठ्ठी ठेवली. प्रत्येक सिगरेटआधी वेळ, जागा आणि ओढ किती ते एक ते तीनमध्ये लिहायचं. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ऑफिसातल्या चौदा सिगरेटींपैकी आठांपुढे ओढ 'एक' होती. मी विचारलं, मग ओढलीत कशाला? म्हणाले, "खुर्चीवरून उठायला." सिगरेटला खाली गेलं तर साहेब काही म्हणत नाहीत, नुसतं उठून फिरलं तर 'काम संपलं का?' असं विचारतात. ताणाचं व्यवस्थापन म्हणून वर्षाला एक व्याख्यान ठेवणाऱ्या ऑफिसांत माणसाला पाच मिनिटं उठण्याचा हक्क नसतो, याचा मला मनापासून राग येतो. त्या आठ वेळा आम्ही तशाच ठेवल्या, फक्त जिना बदलला. टपरीकडे उतरण्याऐवजी गच्चीवर चढायचं.

डॉक्टरांनी त्वचेवर चिकटवायचा 21 मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच दिला आणि अचानक येणाऱ्या ओढीसाठी 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम. गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते. दोन-चारदा चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही, कारण मग निकोटिन नीट शोषलं जात नाही. हे मी त्यांच्याकडून समोर करून घेतलं.

चौथ्या दिवशी फोन आला. दुपारी छातीत धडधडतं, हात थरथरतात, पहाटे तीनला जाग येते. "मॅडम, माझं शरीर सिगरेटशिवाय चालत नाही." मला वाटलं, ही तलफच. तरी छातीचा प्रश्न होता म्हणून लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक निघाला. मग डॉक्टरांनी विचारलं, "चहा किती?" नऊ कप, शिवाय मशीनच्या दोन कॉफ्या.

सिगरेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर मोडतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं, त्यामुळे पॅच लावला तरी फरक पडत नाही. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साठतं. त्यांचा चहा तोच होता, शरीराला मात्र तो सोळा-अठरा कपांसारखा पोचत होता. मी गमआधी चहा नको हे सांगितलं होतं, किती प्यायचा हे नाही.

चहा चार कपांवर आला, कॉफी बंद. पॅच रात्री झोपताना काढायचं ठरलं, त्यामुळे झोप नेमकी कशाने सुधारली हे मला सांगता येणार नाही. दुपारची धडधड मात्र तीन दिवसांत थांबली. 30 एप्रिल गेला, 20 मेही गेला. त्या रात्री त्यांनी गच्चीवरून फोन केला, तोंडात गम होता म्हणून शब्द अडखळत होते.

आमच्या छापील फॉर्मवर चहासाठी रकाना नाही. मी तो समासात पेनाने आखते आणि आखताना आधीचे चेहरे आठवतात. धडधड होते म्हणून पुन्हा सिगरेटकडे वळलेले दोघे-तिघे होते. त्यांच्या कागदांवर मी 'तलफ सहन झाली नाही' असं लिहिलं आहे.