चौदा नंबरचं घर

सोमवार, ४ ऑगस्ट

परदेशातल्या नातीची शाळा २ सप्टेंबरला उघडते आहे. पत्र आज टाकलं. गेल्या वर्षी पंधरा दिवस आधी टाकलं होतं, आणि तिला मिळालं ते शाळा सुरू होऊन जवळजवळ तीन आठवडे झाल्यावर. पहिल्या दिवसासाठी लिहिलेलं पत्र तिने असं शिळं होऊन वाचावं, हे मला फार लागलं होतं.

उशीर टपालाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. पत्ता मी इंग्रजीत लिहिला, पण घराचा नंबर सवयीने १४ असा आपल्या आकड्यांत गेला. आपला १ तिकडच्या माणसाला इंग्रजी नऊ दिसतो आणि ४ दिसतो आठ. त्यामुळे पाकीट गेलं त्याच रस्त्यावरच्या अठ्ठ्याण्णव नंबरच्या घरी. तिथल्या कुणीतरी बऱ्याच दिवसांनी ते लेकीच्या पेटीत आणून टाकलं. परदेशी टपालाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायचा, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत. या वेळी पाकीट आधी लिहिलं आणि पत्र मागून.

पत्राला मात्र चार दिवस लागले. नात मराठी छान बोलते, पण वाचते अक्षर लावून लावून. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी तिला जुनं पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. पहिल्याच ओळीत ‘प्रिय’पाशी थांबली. ‘वर्गातल्या’चं तिने ‘वगातल्या’ केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. दोन ओळींनंतर म्हणाली, “आजी, तूच वाच ना.” त्या पत्रात मी सहा प्रश्न विचारले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मला वाटायचं, तिला कंटाळा येतो. ती तिथवर पोचलीच नव्हती.

म्हणून ठरवलं, या पत्रात जोडाक्षर एकाच जातीचं, रफाराचं. बाकी सगळी सुटी अक्षरं. लिहायला बसल्यावर कळलं, किती अवघड आहे ते. ‘उद्या’ गेलं, ‘पुन्हा’ गेलं, ‘तेव्हा’ गेलं, ‘मैत्रीण’सुद्धा गेली. तिच्या जागी ‘सखी’ घातली. हा शब्द तिला माहीत नसेल, पण तो ती आईला विचारेल, आणि विचारलेला मला चालेल. अडलेला नको.

काय लिहायचं ते तिनेच दिलं होतं. तिची जिवाची मैत्रीण यंदा दुसऱ्या तुकडीत गेली आहे. हे सांगताना आवाज बारीक झाला होता पोरीचा. ‘घाबरू नकोस’ लिहून काय होणार? घाबरलेलीच आहे ती. त्यापेक्षा माझ्याच बाबतीत घडलेलं लिहिलं. एक ओळ सोडून एक, मोठ्या अक्षरांत, ओळीच्या शेवटी शब्द न तोडता:

“छकुली,
तुला आजीचा आशीर्वाद.
तुझी शाळा आता परत उघडेल.
या वेळी तुझा वर्ग नवा.
मी आठ वर्षांची होते.
मी एका वर्गात, माझी सखी पलीकडे.
मला रडू आलं.
मग मी खिडकीत बसले.
तिथून ती मला रोज दिसायची.
तू कुठे बसलीस?
तिथून काय दिसतं? मला सांग.
तुझी आजी”

प्रश्न दोनच, आणि दोन्हींचं उत्तर तिला एका शब्दात किंवा चित्र काढूनही देता येईल. ‘अभ्यास कसा चाललाय’ला आठ वर्षांचं मूल काय लिहिणार?

रफाराची ओळख पाठीमागे करून दिली. ‘वर्ग’ मोठा काढला आणि वरची आकडी लाल पेन्सिलीने. हा र आहे, एवढं तिला बोलून सांगायचं काम लेकीवर सोपवलंय. बसतो ग च्या डोक्यावर, पण बोलायचा ग च्या आधी. ‘आशीर्वाद’ तिने ऐकलेला आहे, तेव्हा तो अंदाजाने वाचेल. खरी परीक्षा ‘वर्षांची’पाशी. तिथे ‘वषांची’ म्हणाली, तर आकडी अजून कळलेली नाही.

लेकीला सांगून ठेवलंय, पत्र लवकर आलं तर दाखवू नकोस, शाळेच्या आदल्या संध्याकाळी दे. आणि तू वाचून दाखवू नकोस, कितीही वेळ लागला तरी.

पेटीत टाकण्याआधी पाकिटावरचा नंबर तीनदा पाहिला. एक, चार. दोन्ही इंग्रजी.