बाबांची शुगर, तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, सरांची शुगर एवढी खाली आली कशी, नुसत्या चालण्याने?"

नाही हो, चालणं त्यातलं निम्मंच. बाबा रिटायर झाले, वर्गात दिवसभर उभं राहणं संपलं आणि पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ८.९ आलं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरीच चढलेली. मग रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा स्पीडने. तरी उपाशीपोटीचा आकडा १६०च्या खाली येईना.

तेव्हा त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. ग्लुकोमीटर आणला, वहीत रकाने आखले, काय खाल्लं, खाण्याआधी किती, पहिल्या घासानंतर दोन तासांनी किती. प्लेटभर पोहे, साखरेचा चहा, बिस्किटं: २४६. दुसऱ्या दिवशी तेवढंच चालून मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, बिनसाखरेचा चहा: १६८. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात हे खरंच, पण घरी येऊन प्लेटभर पोहे खाल्ले की ती भरून निघते, हे त्यांना वहीतच दिसलं.

मग आईने रात्रीचं साडेनऊचं जेवण साडेसातवर आणलं, आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात वाटीभर आणि तोही शेवटी, कारण या क्रमाने जेवलं तर नंतरची शुगर कमी चढते. जेवल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फेऱ्या. उपाशीपोटीचा आकडा हलला तो यानंतर. द्राक्षांच्या सीझनला नाशिकमध्ये राहून द्राक्षं सोडा असं मी कधीच म्हटलं नाही, फक्त घड नाही, मूठभर, तीही मधल्या वेळेला.

आता जे कुणीच विचारत नाही ते सांगते. एकदा ट्रॅकवरून आले आणि दारात बूट काढतानाच हात थरथरायला लागले, अंगाला गार घाम, मीटरवर ६२. ग्लिमेपिराईडची गोळी अजून जुन्या शुगरच्या हिशोबाने चालू होती आणि ती पोटात काही नसलं तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ९४. डॉक्टरांनी वही बघून ती गोळी निम्मी केली, मेटफॉर्मिन मात्र तशीच चालू आहे. तुमच्याकडे कुणी अशी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर प्लीज, चालणं-खाणं बदलायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, आणि आकडे छान आले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

आत्ताचं एचबीएवनसी ६.७ आहे. आणि हो, रविवारची मिसळ बंद झालेली नाही, एकच पाव, मटकी जास्त, शेव कमी, सोबत दही, आणि दोन तासांनी वहीत नोंद. गेल्या रविवारी १७२ होती.