वर चढणाऱ्या ब्लाउजची हेडलाइन

ब्लाउज कटिंग शिकवणाऱ्या एका ताईंच्या ऑनलाइन कोर्सचं लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवर टिचकी मारली की उघडतं ते पान, सुधारायला माझ्याकडे आलं, तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘घरबसल्या शिका व्यावसायिक ब्लाउज कटिंग – महाराष्ट्रातील सर्वोत्तम ऑनलाइन कोर्स’. शंभर जणी पेजवर येत, त्यातल्या चारेक मोफत डेमो वर्गासाठी नाव नोंदवत. जाहिरातीचा खर्च मात्र सगळ्या शंभर जणींचा भरावा लागे.

मी ताईंना म्हटलं, कोर्सबद्दल नंतर बोलू, आधी तुमच्या विद्यार्थिनींचे व्हॉट्सअॅप मेसेज दाखवा. दुपारभर आम्ही ते वाचत बसलो. ‘व्यावसायिक’ हा शब्द एकीनेही वापरला नव्हता. पुन्हा पुन्हा येत होतं ते असं: ‘ताई, गिऱ्हाईक म्हणतं हात वर केला की ब्लाउज वर चढतो.’ ‘पुढच्या मुंढ्याला चुण्या पडतात, काय करू?’

मी कारण विचारलं. ताईंनी कागद ओढून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेजवळचा गोल काप, काढूनच दाखवला. मुंढा गरजेपेक्षा खाली उतरवला तर हात उचलताना बाहीबरोबर सगळा ब्लाउज ओढला जातो. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त आत कोरायचा असतो. तो तसा कोरला नाही तर जास्तीचं कापड पुढे गोळा होतं. ज्या रीलवर टिचकी मारून बायका पेजवर येत होत्या, त्यात ताई नेमकं हेच सांगत होत्या. मुंढ्याचं उत्तर शोधायला आलेल्या बाईला पेजवर ‘सर्वोत्तम कोर्स’ दिसत होता. आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं तिला वाटलं, तर तो दोष तिचा नाही.

नवी हेडलाइन मी तिथेच लिहिली: ‘हात वर केला की ब्लाउज वर चढतो? मुंढा कुठे चुकतो ते डेमो वर्गात कापून दाखवते.’ खाली बारीक अक्षरांत: ‘साधा ब्लाउज शिवता येणाऱ्यांसाठी.’

ताईंना ती खालची ओळ पटेना. “अहो, मग नवशिक्या येणारच नाहीत.” त्या येऊ नयेत म्हणूनच ती ओळ होती. ज्यांना मशीनवर सरळ टीपही घालता येत नाही, त्या डेमोत गोंधळतात आणि फी भरत नाहीत. ओळ राहिली.

जाहिराती सांभाळणाऱ्या मुलाला वर ‘फक्त १२ जागा शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ हवं होतं. वर्ग झूमवर, जागांची मर्यादा कसलीच नाही. अशी खोटी घाई केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवरच्या, म्हणजे डार्क पॅटर्नविषयीच्या, २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नाव घेऊन मना केली आहे. नियम नसता तरी मी ते लिहिलं नसतं; ताईंचा धंदा त्यांच्या शब्दावर चालतो. आम्ही वर्गाची खरी तारीख आणि वेळ टाकली.

मग अर्ध्या बायकांना जुनं पेज, अर्ध्यांना नवं. फॉर्म लांबलचक होता, नाव, मोबाइल, ईमेल, गाव, अनुभव. तरी त्याला मी हात लावला नाही. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. फक्त मोबाइलवर पाहून घेतलं: मराठी शब्द लांब, हेडलाइन पाच ओळींची झाली की बटण पहिल्या स्क्रीनच्या खाली जातं. म्हणून जुनी आणि नवी दोन्ही पेजं अशी बसवली की स्क्रीन न सरकवता बटण दिसेल.

सुरुवातीलाच नव्या पेजवर ११ नोंदण्या, जुन्यावर ५. “दुप्पट झालं, जुनं बंद करा,” मुलगा म्हणाला. एवढ्या लहान आकड्यांत असा फरक योगायोगानेही सहज पडतो. ४ टक्क्यांवरून ६ वर गेल्याचं खात्रीने म्हणायचं तर प्रत्येक पेजवर साधारण १९०० जणी याव्या लागतात. तो हिशोब मी त्याला कागदावर मांडून दिला आणि आम्ही थांबलो.

शेवटी १९०० पैकी जुन्या पेजवर ७८ नोंदण्या झाल्या, नव्यावर १२१. म्हणजे ४.१ टक्क्यांवरून ६.४. हा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. पण नोंदणी म्हणजे विद्यार्थिनी नव्हे, म्हणून डेमोची हजेरीही काढली: जुन्या पेजच्या ३१, नव्याच्या ५८. हेडलाइनने नुसती बघ्यांची गर्दी वाढवली असती तर हजेरीचं प्रमाण घसरलं असतं. ते घसरलं नाही. फी भरणाऱ्या ६ आणि १४. हे आकडे लहान आहेत, त्यावरून मी ताईंना काही वचन दिलं नाही. पुढच्या दोन-तीन बॅचची बेरीज होऊ द्या म्हटलं.

आता फॉर्मची पाळी. ईमेल आणि गाव काढून नाव, व्हॉट्सअॅप नंबर आणि ‘साधा ब्लाउज शिवता येतो का?’ एवढंच ठेवलेलं पेज जुन्या फॉर्मसमोर लावलं आहे. हेडलाइन दोन्हीकडे तीच, मुंढ्याची.